अळंबी उन्हात ठेवायची ती कधी, कशी, आणि प्रथिनांचा हिशोब काय

प्रश्न : "मी बेळगावात शहापूरला राहते. घरातच माग आहेत, दिवसभर आतच काम. ड जीवनसत्त्व फार कमी आलं म्हणून डॉक्टरांनी पुड्या दिल्यात. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मशरूमवाला म्हणतो यात ३० टक्के प्रोटीन आहे, डाळीपेक्षा जास्त, आणि उन्हात ठेवलं की ड जीवनसत्त्व तयार होतं. मी रोज सकाळी ८ ला पॅकेट खिडकीत दोन तास ठेवते. एवढं पुरतं का? आणि सासूबाई म्हणतात, हे शाकाहारी नाहीच. त्यांना काय सांगू?"

ताई, आधी खिडकीचं बोलते, कारण चूक तिथे आहे आणि ती आजच सुधारता येईल. सकाळी ८ चं ऊन, मध्ये तावदानाची काच, वर पॅकेटचं प्लास्टिक. यातली एकटी काच असती तरी काम अडलं असतं. तिन्ही एकत्र आल्यावर दोन तासच काय, दिवसभर ठेवलंत तरी अळंबी फक्त कोमट होईल आणि आतून घाम धरेल. मी बेळगावात १७ वर्षं आहारसल्ला देते. ज्यांनी "आम्ही उन्हात ठेवतो" असं मला सांगितलं, त्यांच्यातले बरेच जण तुमच्यासारखेच खिडकीत ठेवत होते. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

मशरूमवाल्याचं ड जीवनसत्त्वाबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे. अळंबीच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा एक पदार्थ असतो. आपल्या कातडीत जसा त्याचा एक भाऊबंद असतो आणि ऊन लागलं की त्यापासून ड जीवनसत्त्व तयार होतं, तसंच इथेही होतं. आपल्या कातडीत तयार होतं ते डी-३, अळंबीत तयार होतं ते डी-२. तोडलेली, बाजारातून आणलेली, फ्रीजमध्ये दोन दिवस पडलेली अळंबीसुद्धा हे काम करते. त्यासाठी ती जिवंत किंवा वाढती असावी लागत नाही. एर्गोस्टेरॉल तिच्यात आधीपासूनच भरपूर असतं, फक्त त्याच्यावर योग्य किरण पडलेले नसतात. बटण मशरूम अंधाऱ्या खोलीत वाढवतात, धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूमही शेडमध्येच वाढते, म्हणून पॅकेटमधल्या अळंबीत ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच.

आता ते योग्य किरण कोणते, यावर सगळं अवलंबून आहे. उन्हात उजेड असतो, ऊब असते, आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्या अतिनील किरणांतलाही यूव्ही-बी नावाचा एक छोटासा भागच हे रूपांतर घडवतो. हे किरण फार नाजूक. खिडकीची साधी काच त्यांना जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून काचेमागचं ऊन कितीही चटका देणारं असलं तरी या कामाचं नाही. पॅकेटवरचं प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे त्यावर ते किती अडवेल हे ठरतं. पण काढून टाकायला दोन सेकंद लागतात, मग त्या भानगडीत पडायचंच कशाला? आणि सूर्य खाली असला की हे किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात आणि वाटेतच अडतात. सकाळी ८ ला ऊन अंगावर घ्यायला छान, पण त्यात यूव्ही-बी अगदी थोडं असतं.

मग कधी ठेवायची? यासाठी घड्याळापेक्षा सावली बघा. गच्चीत उभ्या राहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर ऊन कामाचं, लांब पडत असेल तर नाही. सकाळी ८ ला बघाल तर तुमची सावली तुमच्या दुप्पट किंवा त्याहूनही लांब पसरलेली दिसेल. आपल्या बेळगावचं एक बरं आहे. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीलाही भर दुपारी सावली उंचीपेक्षा आखूडच असते. म्हणजे बारा महिन्यांत असा महिना नाही की सूर्य फार खाली आहे म्हणून काम अडलं. फक्त वेळ कमी-जास्त होते. डिसेंबरात साधारण ११ ते २ एवढीच वेळ मिळते. एप्रिल-मे मध्ये साडेनऊपासून साडेतीनपर्यंत मिळते. आणि आपल्याकडे सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साडेबाराच्या आसपास येतो. त्यामुळे एकच वेळ लक्षात ठेवायची असेल तर दुपारी १२ ते १ ठेवा, वर्षभर चालेल. अडचण येते ती पावसाळ्यात. खानापूर-जांबोटी भागात तर जून-जुलैला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. दाट ढगातून यूव्ही-बी फार कमी येतं. पण श्रावणात मधूनच लख्ख ऊन पडतं ते सोडू नका. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली येते. त्या दिवसांतलं अर्ध्या तासाचं उघडं ऊन फार मोलाचं असतं.

कशी ठेवायची ते आता सांगते. २०० ग्रॅमचं बटण मशरूमचं पॅकेट घ्या, माती पुसून काढा, नाहीतर भरभर धुऊन फडक्यावर कोरडं करा. मग सुरीने काप करा, साधारण पाव सेंटिमीटर ते अर्धा सेंटिमीटर जाडीचे. हे किरण आत खोलवर शिरत नाहीत, वरच्या पातळ थरातच काम करतात. अख्खी गोल अळंबी ठेवली तर टोपीच्या वरच्या बाजूला थोडंसं होतं आणि बाकी तशीच राहते. काप केले की उघडा भाग कितीतरी पटींनी वाढतो. मोठ्या परातीत किंवा सुपात एकाला एक न चिकटता, एकावर एक न येता पसरा. २०० ग्रॅमला एक मोठी परात पूर्ण लागते. काप ढिगाने ठेवलेत तर फक्त वरच्या थराला ऊन मिळेल. धिंगरी असेल तर तिच्या टोपीखाली पडद्यासारख्या बारीक पट्ट्या असतात, ती बाजू वर करून ठेवा. त्या पट्ट्यांचा पृष्ठभाग फार मोठा असतो, म्हणून तिथे ड जीवनसत्त्व अधिक तयार होतं. बटणचे काप असतील तर मध्ये एकदा उलटा.

किती वेळ? भर दुपारच्या उघड्या उन्हात १५ मिनिटांपासून परिणाम सुरू होतो. मी अर्धा ते एक तास सांगते. घाई असेल तर अर्धा तास, थंडीत किंवा ऊन विरळ असेल तर एक तास. दोन तासांपुढे ठेवण्यात फारसा अर्थ नाही, कारण वाढ हळूहळू थांबते. तयार झालेल्यातला काही भाग त्याच किरणांनी पुढे अशा रूपांत जातो ज्यांचा आपल्याला उपयोग नसतो. शिवाय एप्रिलच्या उन्हात ताजे काप दोन तासांत आक्रसून चामड्यासारखे होतात. थोडे तपकिरी पडतील, त्याला घाबरू नका. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच ते आहे. मात्र काप बुळबुळीत झाले, आंबूस किंवा माशासारखा वास आला तर टाकून द्या. तो उन्हाचा परिणाम नसून अळंबी खराब झाल्याची खूण आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ड जीवनसत्त्व तयार झालं की नाही हे रंगावरून, वासावरून, चवीवरून कळत नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते दिसतच नाही. म्हणूनच सावली, काप आणि उघडं ऊन या तीन गोष्टी मी इतक्या आग्रहाने सांगते. तपासायचं साधन आपल्या घरात नाही, तेव्हा रीत बरोबर असणं हाच आपला भरवसा.

एवढं नीट केलं तर मिळतं किती? काप करून भर दुपारी ऊन दिलेल्या १०० ग्रॅम बटण मशरूममध्ये सहसा १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त ड जीवनसत्त्व तयार होतं, म्हणजे ४०० युनिट. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट लागतात. परतताना, शिजवताना त्यातलं काही कमी होतं. कढईत परतलं तर थोडंच जातं, पाण्यात बराच वेळ उकळलं तर तिसरा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. म्हणून मी हिशोबात १०० ग्रॅमला ३०० युनिट धरते. म्हणजे एका वेळच्या भाजीत दिवसाच्या गरजेचा अर्धा भाग. शाकाहारी घरात, दुधात वरून घातलेलं ड जीवनसत्त्व सोडलं, तर एवढं देणारा दुसरा पदार्थ मला तरी माहीत नाही.

पण आठवड्याचा हिशोब मांडला की चित्र बदलतं. आठवड्याला ४,२०० युनिट लागतात. तुम्ही आठवड्यातून तीनदा १०० ग्रॅम खाल्लंत तर ९०० मिळाले, म्हणजे पाचवा हिस्सा. बाकीचं कुठून आणणार? तुमच्याकडे कमतरता आधीच आहे. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या अळंबीच्या भरवशावर बंद करू नका, एक पुडीही चुकवू नका. त्या ६०,००० युनिटच्या पुडीची बरोबरी करायला ऊन दिलेली अळंबी १५-२० किलो खावी लागेल. रिकामी झालेली कोठी पुड्यांनी भरते. ती पुन्हा रिती होऊ नये म्हणून अळंबी, थोडं स्वतःच्या अंगावरचं ऊन, आणि डॉक्टर सांगतील तो पुढचा डोस.

खाताना तेल-तुपाशिवाय खाऊ नका. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि आतड्यात शोषलं जायलाही थोडी चरबी लागते. बिनतेलाचं पातळ सूप करून पिण्यापेक्षा दोन चमचे शेंगतेलात कांदा, आलं-लसूण, थोडं दाण्याचं कूट घालून परतलेली भाजी आणि त्याबरोबर लोणी लावलेली ज्वारीची भाकरी हे किती तरी चांगलं. कांदा-लसूण चालत नसेल तर जिरं-मिरं-खोबरं घालून करा. कच्ची मात्र खाऊ नका, नीट शिजवूनच खा.

प्रथिनांबद्दल मशरूमवाल्याने सांगितलेला आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आकडा आहे हे त्याने सांगितलं नाही. ताज्या अळंबीत ९० टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम ताज्या अळंबीत साधारण ३ ग्रॅम प्रथिनं असतात. ३० टक्के हा आकडा पाणी पूर्ण काढलेल्या, कोरड्या अळंबीचा आहे. पण तुमच्या ताटात १०० ग्रॅम कोरडी अळंबी कधी येणार? ती व्हायला एक किलो ताजी लागते. डाळ आपण कोरडी मोजतो आणि अळंबी ओली खातो, म्हणून दोघींचे आकडे शेजारी ठेवले की फसायला होतं.

आणखी एक बारकी गोष्ट आहे, ती बहुतेक पाकिटांवर लिहिलेली नसते. अन्नातली प्रथिनं मोजताना त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. हे गणित सगळा नायट्रोजन प्रथिनातलाच आहे असं धरून चालतं. अळंबीच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या पदार्थाच्या असतात. त्यातही नायट्रोजन असतो, पण तो प्रथिनातला नसतो आणि आपल्याला नीट पचतही नाही. म्हणून अळंबीसाठी जाणकार ६.२५ ऐवजी ४.३८ ने गुणतात. जुन्या गुणाकाराने ३० आलेला आकडा नव्या गुणाकाराने २१ होतो. कोरड्या पावडरीच्या डब्यावर ३० दिसलं की मी आधी हाच हिशोब करते.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, मी ५२ किलो धरते. किलोला ०.८३ ग्रॅम या हिशोबाने तुम्हाला दिवसाला ४३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील. २०० ग्रॅमचं आख्खं पॅकेट एकटीने खाल्लंत तर ६ ग्रॅम मिळतील. तेवढीच प्रथिनं ३० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत मिळतात, म्हणजे घट्ट वरणाच्या एका वाटीत. एक पेला दुधातही तेवढीच. वरणाची वाटी काही रुपयांत होते आणि घरातल्या सगळ्यांना पुरते. तेव्हा प्रथिनांसाठी अळंबी विकत घेऊ नका. वरण, मटकी-मुगाची उसळ, दाण्याची चटणी, ताक-दही, भाकरी यांतूनच तुमचे ४३ ग्रॅम भरा. अळंबी ताटात आली तर तिचे ३ ग्रॅम वरकमाई समजा. ती ताटात यावी ती तिच्यातल्या ड जीवनसत्त्वासाठी, कारण ते डाळीत नाही. पैसे आणि वेळ त्याच कामी लावा.

सासूबाईंचा प्रश्न मी हलका मानत नाही. अळंबी वनस्पती नाही हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. ती पानांसारखी उन्हावर स्वतःचं अन्न तयार करत नाही, कुजणाऱ्या काडावर, पेंढ्यावर वाढते. पण ती प्राणीही नाही. बुरशीचं स्वतःचं वेगळं कुळ आहे. रक्त नाही, मांस नाही, जीव मारावा लागत नाही, आणि आपल्याकडच्या अन्नकायद्यातही तिच्यावर हिरवाच ठिपका असतो. वारकरी, लिंगायत, ब्राह्मण अशा शाकाहारी घरांतून माझ्याकडे येणारे अनेकजण ती खातात. आपल्या जिल्ह्यात चिकोडी-निपाणीकडे जैन समाज मोठा आहे. त्यांच्या आहारनियमांत अळंबी बसत नाही, आणि जैन घरातून कोणी विचारलं तर मी ती सुचवतच नाही. तुमच्या घरी काय चालतं हे सासूबाईंनीच ठरवावं. त्यांना एक गोष्ट मात्र सांगा. गोळ्या-पुड्यांतलं डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं असतं आणि मऊ कॅप्सूलचं आवरण अनेकदा जिलेटिनचं असतं. अळंबीतलं डी-२ कुठल्याही प्राण्यापासून येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका माळकरी आजोबांनी याच एका कारणासाठी अळंबी सुरू केली होती. हे ऐकून पुड्या मात्र सोडू नका. पथ्य फार कडक असेल तर डॉक्टरांकडे डी-२ ची गोळी मागता येते.

पावसाळ्याचं काय करायचं ते आता सांगते, कारण तुम्ही आज ताजी अळंबी उन्हात ठेवायला शिकाल आणि जूनमध्ये अडाल. यावर आपल्याकडची जुनी रीत आहेच, वाळवण. कुरडया-सांडग्यांच्या दिवसांतच अळंबी वाळवायची. निपाणीजवळच्या एका बाईंचं उदाहरण देते. वय पन्नाशीच्या पुढे, घरात बसून विड्या वळण्याचं काम, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडीवर सूप. पुड्यांचा पूर्ण डोस झाला होता आणि डॉक्टरांनी महिन्याची एक पुडी चालू ठेवली होती. त्यांचा भाचा सोयाबीनच्या काडावर धिंगरी लावतो, त्यामुळे अळंबीला तोटा नव्हता. मार्चमध्ये त्यांनी वाळवायला सुरुवात केली आणि मला डबा दाखवायला आणला. धिंगरी सुंदर वाळली होती, पांढरीशुभ्र. "इतकी पांढरी कशी राहिली?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "धूळ बसू नये म्हणून वर जुनी साडी घातली होती की." सुती साडीच्या दोन पदरांखाली ती वाळली होती. वाळण्यात काही कमी नव्हतं, ड जीवनसत्त्व मात्र फारसं झालं नसणार.

मग आम्ही रीत बदलली. ताज्या धिंगरीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडायच्या, पडद्याची बाजू वर करून पत्रावळीवर नाहीतर सुपात एकेक पसरायच्या, आणि १२ ते १ हा तास पूर्ण उघड्या. तेवढा वेळ त्या जवळच सावलीत बसून माश्या-कावळे हाकत. एक वाजला की वर साडी घालायची आणि उरलेलं वाळणं साडीखालीच होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा एक तास उघडं. संध्याकाळी एक पट्टी वाकवून बघायची. कडक होऊन कटकन मोडली तर झालं. वाकली आणि मोडली नाही तर आत ओल आहे, तशीच डब्यात भरली की आठवड्यात काळी-हिरवी बुरशी धरते. मोडणारी पट्टी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधारात, गॅसजवळ न ठेवता. प्रकाश, ऊब आणि हवा यांनी साठवलेलं ड जीवनसत्त्व हळूहळू कमी होतं. म्हणून सहा महिन्यांत संपवायची.

मार्च-एप्रिल मिळून त्यांनी ५ किलो ताजी धिंगरी अशी वाळवली, कोरडी साधारण ५०० ग्रॅम झाली. जून ते सप्टेंबर म्हणजे १७ आठवडे. आठवड्यातून तीनदा १० ग्रॅम वापरली की डबा बरोबर पुरतो. १० ग्रॅम कोरडी म्हणजे १०० ग्रॅम ताजी. साठवणीतली आणि शिजवण्यातली घट धरून मी एका वेळेला २५० युनिट पकडले, म्हणजे आठवड्याला ७५०. गरजेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा थोडं कमी, आणि तेही ज्या महिन्यांत ऊन जवळजवळ नसतं त्या महिन्यांत. कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवून ती आमटीत, मसालेभातात, पिठल्यात घालतात. भिजवलेलं पाणीही आमटीतच जातं. दिवाळीच्या आधीच्या तपासणीत त्यांचं ड जीवनसत्त्व घसरलेलं नव्हतं. पण महिन्याची पुडी चालूच होती, त्यामुळे त्याचं श्रेय मी अळंबीला देणार नाही. त्यांनाही तसंच सांगितलं.

जंगलातल्या अळंबीचं कोणी तरी विचारेलच. पहिल्या पावसानंतर खानापूरच्या बाजाराला वारुळावरची अळंबी येते, कन्नड बोलणारे शेजारी तिला अणबे म्हणतात. चवीला अप्रतिम असते. पण ती ओळखणाऱ्या हातातूनच घ्यावी. विषारी अळंबी उन्हात ठेवल्याने, वाळवल्याने किंवा शिजवल्याने बिनविषारी होत नाही. ड जीवनसत्त्वासाठी ती शोधत जायची काहीच गरज नाही, बाजारातलं साधं पॅकेट पुरतं.

शेवटी तुमच्या पुढच्या रक्ततपासणीबद्दल. डी-२ हे डी-३ पेक्षा रक्तातून लवकर निघून जातं, त्यामुळे महिन्यातून एकदा भरपूर अळंबी खाण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा थोडी खाणं बरं. दुसरं म्हणजे, रक्ततपासणीच्या काही पद्धती डी-२ प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. तुम्ही नियमाने ऊन दिलेली अळंबी खात असाल, किंवा पुढे डी-२ ची गोळी घेणार असाल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा. डी-२ आणि डी-३ वेगवेगळं मोजणारी तपासणी मोठ्या लॅबमधून करून मिळते. नाहीतर आकडा कमी दिसेल आणि तुम्हाला गरज नसताना जास्त डोस दिला जाईल. तोवर उद्या दुपारी १२ ला पॅकेट फोडा, काप करा आणि परात गच्चीत न्या. तुमच्या मागाच्या कामात तेवढाच अर्धा तास तुम्हीही तिथेच बसा, हात आणि पाय उघडे ठेवून. ते ऊन अळंबीला लागतं तसंच तुमच्या कातडीलाही लागेल.